पाण्याचा मान

आमच्या मठात धनुर्मासभर पहाटे खिचडी होते. तिच्यात तांदूळ आणि डाळ घालायची पुरुषाने, पाणी घालायचं बाईने. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणतात, तंजावरला राजे होते तेव्हापासून आहे. आमच्या लोकांना कशाचंही कारण सापडलं नाही की ते राजांच्या अंगावर ढकलून मोकळे होतात. पण नियम आहे तो आहे. स्वयंपाकी माप भरून तांदूळ घालतो, तेवढंच माप भरून मुगाची डाळ घालतो, आणि त्याची बायको सोवळ्यात पाणी ओतते. तांदूळ-डाळ सम असेल तर नैवेद्य उत्तम, डाळ निम्मी असेल तर मध्यम, आणि पाव असेल तर देवाला फसवल्यासारखं, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. पाणी किती, ते मात्र कुठे सांगितलेलं नाही. ते त्या बाईने ठरवायचं. त्यालाच पाण्याचा मान म्हणतात.

मठ कुंभकोणम्‌लाच, अरसलारच्या काठाकडे जाणाऱ्या गल्लीत. देव वेणुगोपाळ. स्वयंपाकी माझा थोरला भाऊ त्रिविक्रम, आमचा अण्णा, आणि मान माझ्या वैनीचा, कृष्णवेणीचा. मी तुळसी. कुंकू पुसून माहेरी परत आले तेव्हा मला नीट चूल फुंकता येत नव्हती. तेव्हापासून मठामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत राहते, मूग निवडते, भाजते आणि तोंड वाजवते. पहिल्या दोन कामांबद्दल मला कुणी काही म्हणत नाही.

वैनी चोळपुरम्‌ची. लग्न होऊन आली, वर्षं गेली, मूल झालं नाही. आमच्या नातेवाईक बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं आणि बसल्या बसल्या सुया टोचायच्या, याची मोठी हौस. ती ऐकून घ्यायची. पण धनुर्मास आला की त्याच बायका गल्लीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून, ओलेत्याने पाणी घेऊन जाणाऱ्या वैनीला वाट द्यायच्या. वर्षात तेवढा एक महिना ती मान वर करून चालायची. मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण उरलेले अकरा महिने ती त्या एका महिन्यावर काढायची हे मला दिसत होतं.

आणि तिला पाणी कळायचं. आदल्या संध्याकाळी अण्णा कोठीतून मूठभर तांदूळ आणायचा, तिच्या तळहातावर घालायचा. ती एक दाणा दातांखाली फोडायची, दोन-चार बोटांवर चोळायची. जुना तांदूळ कडकन फुटतो, तो पाणी पितो. नवा दबतो, त्याला पाणी कमी लागतं आणि तो लवकर चिकट होतो. मग ती डाळ बघायची. नेहमीच्या लहान तपेल्यात, तीस-चाळीस माणसांची खिचडी असली आणि तांदूळ जुना असला, तर एक माप तांदूळ, एक माप डाळ आणि दहा मापं पाणी. आधी डाळ उकळायची, ती अर्धी फुटली की तांदूळ घालायचे. शेजारच्या चुलीवर उकळतं पाणी कायम तयार ठेवायचं, कारण मध्येच गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि डाळ कणीदार राहते. शेवटी मीठ, मिरं, आलं, तूप. चाखून बघायची सोय नाही, देवाआधी कोण चाखणार? डोळ्यांनी बघायचं, पळीवरून कशी पडते ते पाहायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ते शीत आम्हाला तोंडात घालायची मुभा नव्हती.

बावन्न साली दिवाळीनंतर वादळ आलं. नागपट्टणम्‌च्या बाजूने आत घुसलं आणि सगळा मुलूख झोडपून गेलं. उभं सांबा भात आडवं झालं, नारळीची झाडं मुळासकट उपटली, मातीची घरं विरघळली. आमच्या मठाच्या मागच्या पडवीत आणि अंगणात माणसं येऊन राहिली. आधी पाच-पन्नास, मग मोजणं सोडलं. कोण कुठल्या जातीचं हे पहिले दोन दिवस मठातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं. नंतर पाऊस एवढा पडत होता की विचारायला बाहेर कोण जाणार? धनुर्मास लागला तेव्हा मठाचा कारभार बघणारे धर्मकर्ते पांडुरंगराव यांनी जाहीर केलं की यंदा नैवेद्याची खिचडी सगळ्यांना मिळेल, आणि मिळेल ती उत्तमच, तांदूळ-डाळ सम. तांदूळ आडुतुरैच्या एका मिरासदाराने दिला होता, डाळ बाजारातल्या व्यापाऱ्यांनी. आयजीच्या जिवावर बायजी उदार. पण उदार झाले हे खरं, तेवढं श्रेय मी देते.

लग्नातलं मोठं तपेलं काढलं, कल्हई केली. उभं राहून ढवळावं लागेल असं तपेलं. पहिल्या दिवशी पांडुरंगरावांनी स्वतः हिशेब सांगितला. तांदूळ जितक्या पट, डाळ तितक्या पट, पाणीही तितक्याच पट. ते कोर्टात वकिली करत, गुणाकार त्यांचा चुकणारा नव्हता. वैनी दाराआडून हळूच अण्णाला म्हणाली की मोठ्या तपेल्यातलं पाणी तेवढं उडत नाही. लहान तपेल्यातलं चुलीवरच निम्मं वाफ होऊन जातं, इथे पोटच एवढं मोठं की वाफ वरच्यावर जाणार आणि खालचं पाणी तसंच राहणार. शिवाय तांदूळ नवा आहे, कुरुवैचा, या सुगीचा. दोन्ही कारणांनी पाणी कमी हवं. अण्णाने तिचं म्हणणं ऐकलं आणि पांडुरंगरावांनी सांगितलं तेवढंच घालायला लावलं. माझा भाऊ वाईट नाही. त्याला फक्त वरच्या माणसाशी बोलताना घसा बसायची खोड आहे.

खिचडी कंजीसारखी, पेजेसारखी पातळ झाली. पानावर वाढली की चारी बाजूंनी पळत सुटायची. लोकांनी पानं दुमडून द्रोण केले, ओंजळी पुढे केल्या, कुणी करवंट्या आणल्या. गंमत अशी की ती त्यांना आवडली. दिवसच्या दिवस उपाशी राहिलेल्या, जुलाब-तापाने खंगलेल्या माणसांना तेच सोसत होतं. अंबुजा म्हणून एक म्हातारी होती, समुद्राकडच्या गावातली. मुलगा, सून, नातवंडं, सगळी एका रात्रीत गेलेली. तिच्या तोंडाला फोड आले होते, घशाखाली काही उतरत नव्हतं. तिने त्या दिवशी ओंजळीतून तीनदा मागून घेतली. वैनी तिच्याजवळ बसून राहिली होती.

पांडुरंगरावांना मात्र लाज वाटली. मठाची खिचडी आणि पानावरून पळते? ते अण्णाला म्हणाले की बाईमाणसाचा हात सैल पडला. गुणाकार कुणाचा होता ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी त्यांनी नवा हिशेब दिला. एक माप तांदूळ, एक माप डाळ, सात मापं पाणी. वर थेंब नको.

त्या संध्याकाळी वैनी पहिल्यांदा अण्णाशी वाद घालताना मी ऐकली. ती म्हणत होती, शिजायला आठ पुरेत, पण आणखी एक हवं. अण्णा म्हणाला, कशाला? शिजतं ना आठात?

"शिजतें चुलीवर," वैनी म्हणाली. "मग देवापुढें थांबतें, त्याचें पाणी कोण घालणार? नवा तांदूळ उभ्या उभ्या पाणी ओढतो, डाळ त्याहून. चुलीवरून उतरतांना पातळ दिसली पाहिजे, तर पानावर मऊ पडेल."

हे नीट समजायला आमच्या मठाची रीत ठाऊक हवी. बाकी ठिकाणी वाटीभर खिचडी काढून देवाला दाखवतात. आमच्याकडे तपेलंच्या तपेलं देवासमोर नेतात आणि वर तुळशीचं पान ठेवतात. एकदा पान ठेवलं की ते तपेलं देवाचं. ते पुन्हा चुलीवर चढत नाही, त्यात मीठ पडत नाही, पाण्याचा थेंब पडत नाही. जशी आहे तशी वाढायची. लहान तपेल्यात हे कधी जाणवलं नव्हतं. नैवेद्य झाला, वाढलं, संपलं. मोठ्या तपेल्यात नुसतं वाढायलाच किती वेळ जातो, आणि तेवढा वेळ आत खिचडी आपली आपण घट्ट होत राहते.

अण्णाने डोकं खाजवलं आणि सात म्हणजे सात असं सांगून तो झोपला.

पहाटे वैनीने सात मापांच्या हिशेबाने पाणी ओतलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. एखाद्या परक्या घरात पाणी भरत असल्यासारखी ती भरत होती. खिचडी उतरवली तेव्हा मात्र सुरेख दिसत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. मऊ, पिवळी, पळीवरून सावकाश पडणारी. पांडुरंगराव डोकावून गेले आणि अण्णाला शाब्बास म्हणाले. वेणुगोपाळासमोर तपेलं ठेवलं, पुजारी वरदराजांनी वर तुळस ठेवली. आता नैवेद्य दाखवायचा आणि सूर्य उगवायच्या आत पानं मांडायची.

पण पांडुरंगरावांनी थांबवलं. वादळग्रस्तांची व्यवस्था बघायला बाहेरगावचे कुणी मोठे पाहुणे यायचे होते, त्यांच्या देखत नैवेद्य व्हायला हवा होता. पाहुण्यांची मोटार रस्त्यात कुठे पाण्यात अडकली होती. उजाडलं, ऊन मठाच्या पायरीवर आलं, अंगणातली पोरं रडून रडून गप्प झाली. तपेलं देवासमोर झाकलेलं बसून होतं. धनुर्मासाचा नैवेद्य सूर्योदयाआधी हवा, हा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही. शास्त्र मोठ्या माणसाच्या मोटारीपुढे नेहमीच बाजूला होतं.

शेवटी पाहुणे आले, नैवेद्य झाला, त्यांनी आत बसून चांदीच्या वाटीत चार घास घेतले. ते वरच्या थरातले, तुपाचे. मग तपेलं मागच्या पडवीत आणलं आणि अण्णाने पळी आत घातली. पळी उभी राहिली.

ढेकळं निघाली. पानावर ठेवली की थापल्यासारखी बसायची. पहिल्या पंगतीत पोरांनी तोंडात घातली आणि थुंकली, दोघातिघांना ठसका लागला. ज्यांच्या पोटात कालची पातळ खिचडी सोडली तर आठवड्यात धड काही गेलं नव्हतं त्यांना ती घट्ट, डाळीची जड खिचडी गिळवेना. अंबुजाने एक घास तोंडात धरला आणि डोळ्यांतून पाणी काढत तशीच बसली. गिळता येईना, आणि देवाचं म्हणून थुंकवेना. वैनीने तिच्या तोंडापुढे हात धरला आणि घास आपल्या तळहातावर काढून घेतला. मग ती उठून तपेल्यापाशी आली. मी तिथेच होते, पानं पुसत होते. मी जे सांगते ते माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलेलं आणि दोन कानांनी ऐकलेलं आहे.

अण्णाने तिच्याकडे पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "शेजारच्या चुलीवर पाणी उकळतें आहे काय?"

"आहे."

"आण."

तिने आणलं. ती थोडं थोडं ओतत होती आणि अण्णा ढवळत होता, ढेकळं तपेल्याच्या अंगावर दाबून मोडत होता. कढत पाणी होतं म्हणून ती मोडली, गार असतं तर नुसती तरंगली असती. हळूहळू खिचडी सुटली, हलली, पळीवरून पडू लागली. अण्णाने बादली भरून घेतली आणि तो पंगतीत वाढायला गेला. वैनीने शेवटचं पाणी ओतायला भांडं तिरकं केलं, आणि नेमके तेव्हा तीर्थ वाटायला वरदराज पडवीत आले.

दुपारी मठाच्या ओसरीवर सगळे बसले. तोपर्यंत सगळ्या अंगणाने पोटभर खाल्लं होतं, तपेलं घासून पालथं पडलं होतं. म्हणजे निवाडा करायला काही शिल्लक नव्हतं, वैनी सोडून. वरदराजांनी पाहिलं ते सांगितलं. ते दुष्ट नव्हते. नैवेद्यात पाणी पडलं, ते त्यांच्या बापाच्या, आज्याच्या काळात कधी घडलं नव्हतं. पांडुरंगरावांनी अण्णाला विचारलं की हे तुझ्या सांगण्यावरून झालं का.

मी अण्णाकडे बघत होते. स्वयंपाक्याची जागा गेली असती, मागच्या दोन खोल्या गेल्या असत्या, हे मला कळत होतं. पण 'मी सांगितलं' एवढं म्हटल्यावर पांडुरंगराव तरी काय करणार होते? एवढ्या माणसांची खिचडी रांधायला दुसरा कोण मिळणार होता त्यांना? रागावले असते, प्रायश्चित्त दिलं असतं, दुसऱ्या पहाटे पुन्हा चुलीपाशी उभं केलं असतं.

"मला ठाऊक नाहीं," अण्णा म्हणाला. "मी पंगतींत वाढत होतों."

मी उठून उभी राहिले आणि सांगितलं की पाणी आण असं तो म्हणाला, आणि ढवळत होता तोही तोच. पांडुरंगरावांनी माझ्याकडे न बघता मला खाली बसायला सांगितलं. विधवेने ओसरीवर उभं राहून भावाविरुद्ध साक्ष द्यायची हेच मुळी त्यांना ऐकू येण्याजोगं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी मोठ्याने म्हटलं. तेही कुणाला ऐकू आलं नाही.

मग त्यांनी वैनीला विचारलं. तिने अण्णाकडे एकदा पाहिलं. अण्णा जमिनीकडे बघत होता.

"मी घातलें," ती म्हणाली.

पांडुरंगराव तसे सौम्यपणे बोलले. चुकलं म्हण, पंचगव्य घे, यंदा दूर राहा, पुढल्या धनुर्मासात मान पुन्हा तुझाच. एवढंच. एक शब्द बोलायचा होता. सगळी ओसरी तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि मला मनातून वाटत होतं की म्हणून टाक बाई, शब्दच तो.

"ती म्हातारी जेवली," वैनी म्हणाली. "चुकलें म्हणून कसें सांगूं?"

ते झालं. पांडुरंगराव उठले. यापुढे त्या घराला पाण्याचा मान नाही, नियम बाईचा असला तरी त्रिविक्रमाने स्वतःच पाणी घालावं, असं ठरलं. वैनी घरी आली, सोवळ्याचं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि चूल पेटवली. मी रागाने भांडी आपटत होते. तिने मला एकदाच विचारलं की भांड्यांनी काय केलं आहे.

संध्याकाळी अण्णा कोठीतून आला. दारात उभा राहिला. मला वाटलं आता काही बोलेल, निदान रडेल. त्याने मूठ पुढे केली. तांदूळ होते.

"उद्यां पाणी किती?" त्याने विचारलं.

मी म्हणते, माणसाला लाज तरी किती नसावी. मी त्याला नको ते सगळं बोलले. तो ऐकत उभा राहिला, मूठ तशीच पुढे. आणि वैनीने हात पुढे केला. दाणा फोडला, चोळला. शिजायला आठ, थांबायला एक, म्हणाली. पाहुणे यायचे असतील तर अर्धं आणखी.

दुसऱ्या दिवशी खिचडी छान झाली. उतरवताना पातळ दिसली म्हणून पांडुरंगराव कुरकुरले, पण पानावर पडली तेव्हा मऊ होती, शेवटच्या पंगतीपर्यंत मऊ राहिली. अण्णाची वाहवा झाली. वैनी घरात होती. प्रसाद मी आणला. तिने तो डोळ्यांना लावला आणि मला दिला. ती खात नव्हती.

मग रोज तेच. संध्याकाळी अण्णा मूठ घेऊन यायचा. मिरासदाराचा तांदूळ संपला आणि दुसरा जुना आला, तेव्हा ती म्हणाली, आता शिजायला नऊ. एकदा पुरात भिजून वाळवलेला तांदूळ आला, दाण्याला वास आणि रंग पिवळट. तो तिने कितीदा तरी चोळला आणि म्हणाली की हा आत भुगा आहे, साडेसात पुरे, आणि ढवळूं नका फार, लगदा होईल. डाळ कमी पडायला लागली, सम घालणं जमेना, पांडुरंगरावांनी मुकाट्याने निम्मी घालायची परवानगी दिली. उत्तमाचं मध्यम झालं. पाणी तेव्हाही तिनेच पुन्हा ठरवलं. निम्मी डाळ म्हणजे निम्मी पाण्याची ओढ, दीड माप धान्याला सहा अधिक थांबण्याचं थोडं. अण्णा मान डोलवायचा, जायचा. त्या घरात त्या दोघांचं तेवढंच बोलणं होत होतं. जेवायला वाढलं, पाणी काढलं, सगळं मुक्याने.

मी तिला म्हटलं, एक दिवस चुकीचं सांग ना. सांग सहा. बसू देत पळी पुन्हा उभी, कळू दे सगळ्यांना पाणी कुणाच्या हातात होतं ते. तिने एवढंच म्हटलं की अंबुजा खाते ना त्यातली.

पुढे अंबुजा गेली. ताप होताच, एका दुपारी पडवीत पडल्या पडल्या गेली. तिचं असं रडणारं कुणी नव्हतं, वैनी रडली. त्या संध्याकाळी मी तिला पुन्हा विचारलं की आता कुणासाठी सांगतेस? ती उठली. उंबऱ्यापाशी जाऊन बसली. अण्णा यायची वेळ होती. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती वाट बघते. हात पदराला पुसून कोरडे करून, दाणा चोळायला तयार ठेवून ती रोज तिथे बसत होती, आणि मी मूर्ख तिला सूड घ्यायला शिकवत होते. सगळा मान गेला होता, पण तेवढी मूठ तिच्याकडे येत होती. तेवढ्यावर ती तगली होती.

माणसं हळूहळू आपापल्या गावी परत जाऊ लागली. भोगी जवळ आली. हवा कोरडी झाली, लाकडं नीट पेटू लागली. एका संध्याकाळी वैनी नेहमीसारखी उंबऱ्यावर बसली. दिवा लागला, अण्णा आला नाही. बऱ्याच वेळाने आला तो हातपाय धुऊन सरळ आत गेला आणि पानावर बसला. हात रिकामे होते.

वैनीने वाढलं. आमटी वाढली, ताक वाढलं. मग उभ्या उभ्याच विचारलं, "तांदूळ आणले नाहींत?"

"नको आतां," अण्णा म्हणाला. घास गिळला. "कळतें मला. आज मीच फोडून पाहिला. जुना आहे."

तो वाईटपणाने बोलला नाही. उलट त्याला वाटलं असावं की तिची रोजची कटकट वाचवली. वैनीने ताकाचं भांडं खाली ठेवलं. त्याचं जेवण होईपर्यंत उभी राहिली, पान काढलं, जागा शेणाने सारवली. मग मागच्या दारी जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः द्रोण घेऊन घरी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याने तो वैनीच्या पुढे ठेवला आणि बाजूला उभा राहिला. खिचडीत दाणा दिसत होता आणि बोट लावलं की मोडत होता. कडेने पाणी सुटलं नव्हतं, मध्ये गोळा नव्हता. मी मनात म्हणत होते की देवा, काहीतरी चुकलेलं असू दे यात, मिठाचं तरी.

वैनीने द्रोण डोळ्यांना लावला. या खेपेला मला दिला नाही. सावकाश सगळी खिचडी खाल्ली, बोटं पुसून द्रोण खाली ठेवला.

"बरोबर पडलें आहे पाणी," ती म्हणाली.

अण्णाला ते कौतुक वाटलं. तो हसला, आणि मठाकडे परत गेला.